बॅटरी बदलायला अर्धा तास, कीबोर्डला मात्र चोवीस रिव्हेट

आमच्या घरात सध्या दोन लॅपटॉप आहेत. एक माझा, २०१८ सालचं मॉडेल असलेला जुना थिंकपॅड टी४८०, सेकंडहँड घेतलेला. दुसरा भाचीचा, त्याच्याहून चार वर्षांनी नवीन, दिसायला देखणा आणि वजनाला हलका. गेल्या पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या अंतराने दोन्हींवर चहा सांडला. माझा कीबोर्ड मी रविवारी दुपारी बदलला आणि संध्याकाळी त्याच यंत्रावर काम केलं. भाचीच्या लॅपटॉपला तीन आठवडे आणि जवळजवळ सगळं यंत्र सुटं करण्याची पाळी आली. चहा सारखाच होता, साखरही तेवढीच. फरक होता तो कीबोर्ड आत कसा बसवलाय याचा, आणि ही गोष्ट दुकानात यंत्र हातात घेऊन कळत नाही.

कळते ती मॅन्युअलमधून. लेनोव्हो, डेल आणि एचपी आपल्या बऱ्याचशा मॉडेलांची दुरुस्तीची पुस्तिका त्यांच्या साइटवर फुकट ठेवतात. लॅपटॉप घेण्याआधी किंवा उघडण्याआधी मी ती दहा मिनिटं चाळतोच. शोधताना मॉडेलच्या नावापुढे लेनोव्होसाठी `Hardware Maintenance Manual`, डेलसाठी `Service Manual` आणि एचपीसाठी `Maintenance and Service Guide` असं टाइप करावं. खोक्यातलं पातळ पत्रक ते हे नव्हे. ही पुस्तिका शंभरेक पानांची असते आणि तिच्यात कोणता स्क्रू कुठला आणि किती लांबीचा, इथपर्यंत लिहिलेलं असतं.

पुस्तिकेत काय बघायचं

सगळी वाचायची गरज नाही. आधी सुट्या भागांची यादी काढा आणि तिच्यात 'कीबोर्ड' स्वतंत्र ओळीत आहे का ते पाहा. `Keyboard` अशी वेगळी नोंद असेल तर तो वेगळा मिळतो आणि वेगळा निघतो. तिथे `Top cover with keyboard` किंवा `C cover with keyboard` असं काही असेल, तर कीबोर्ड वरच्या पॅनलला कायमचा जोडलेला आहे. बाजारात या पॅनलला 'सी पॅनल' म्हणतात. लॅपटॉपच्या चार बाजूंची दुकानदारांची नावं अशी: झाकणाची पाठ म्हणजे ए, स्क्रीनभोवतीची चौकट बी, हात टेकतो ती सी आणि तळ डी. भाग विचारायला जाताना हे चार शब्द तोंडात असले की समोरचा माणूस वेगळ्याच आदराने बोलतो, हा माझा अनुभव.

मग 'कीबोर्ड काढणे' या प्रकरणाचं पहिलं पान उघडा. तिथे आधी काय काय काढावं लागेल याची यादी असते. 'तळाचं झाकण, बॅटरी' एवढंच असेल तर काम एका बैठकीचं आहे. यादीत पंखा, हीटसिंक, स्पीकर, बिजागऱ्या आणि शेवटी मदरबोर्ड आला, तर कीबोर्ड सगळ्यांच्या खाली पुरलेला आहे असं समजा. हीटसिंक काढला की प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी लागते, म्हणजे कीबोर्डच्या कामात आणखी एक काम वाढलं.

बॅटरीच्या प्रकरणात एकच गोष्ट बघायची: ती स्क्रूने धरलेली आहे की चिकटवलेली. विंडोजच्या बहुतेक लॅपटॉपांत ती आता आत असली तरी स्क्रूनेच बसवलेली असते. 'बॅटरी निघत नाही' म्हणजे ती बाहेरून खटका दाबून निघत नाही, एवढाच अर्थ घ्यायचा. अनेक मॅकबुकांत मात्र बॅटरी गोंदाच्या पट्ट्यांनी चिकटवलेली असते आणि कीबोर्ड वरच्या पॅनलला रिव्हेट केलेला असतो. त्यामुळे तिथे बहुधा सगळं पॅनलच बदलतात.

आधी रोग नक्की करा

भाची म्हणाली होती, "मामा, बॅटरी गेलीय, दीड तासच चालते." दीड तास हा काही पुरावा नाही. स्क्रीन पूर्ण उजेडात आणि ब्राउझरमध्ये चाळीस टॅब असतील तर नवी बॅटरीही फार टिकणार नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून एवढं टाइप करा:

```
powercfg /batteryreport
```

एक एचटीएमएल फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथेच दिसतं. फाइलमध्ये `DESIGN CAPACITY` म्हणजे कारखान्यातून निघताना बॅटरीत किती ऊर्जा मावत होती, आणि `FULL CHARGE CAPACITY` म्हणजे आता किती मावते. भाचीचे आकडे ४१,०४० आणि साधारण २२,६०० मिलिवॉट-तास होते, म्हणजे पंचावन्न टक्के. मी साठ टक्क्यांच्या खाली गेली की बदलतो. त्याच्या वर असेल आणि लॅपटॉप बहुतेक वेळ चार्जरवरच चालत असेल, तर पैसे वाचवा. लिनक्सवर हेच आकडे असे मिळतात:

```
upower -i /org/freedesktop/UPower/devices/battery_BAT0
```

टी४८० मध्ये दोन बॅटऱ्या असतात. आतली `BAT0` आणि मागून खटका सरकवून निघणारी `BAT1`. कुठली थकली हे आधी पाहा. बाहेरची गेली असेल तर स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचंही कारण नाही.

एका लक्षणाला मात्र आकडे बघत बसू नका. टचपॅड क्लिक होईनासा झाला, कीबोर्डचा मधला भाग उचलल्यासारखा दिसला, किंवा टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डुगडुगू लागला, तर आतली बॅटरी फुगलेली असण्याची दाट शक्यता आहे. लोक टचपॅड खराब झाला म्हणून दुकानात जातात आणि टचपॅड बदलून येतात. फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही, दाबून बसवायची नाही, आणि टोकदार धातूने उचकटायची तर मुळीच नाही. भोक पडलं तर ती पेट घेऊ शकते. गोंदाने चिकटलेली आणि फुगलेली, अशी दोन्ही असेल तर ते काम घरचं नाही.

बॅटरी विकत घेताना

मॉडेलचं नाव सांगून बॅटरी मागितली की फसायला होतं. एकाच मॉडेलमध्ये कंपनी दोन-तीन प्रकारच्या बॅटऱ्या घालते. ज्या यंत्रात अडीच इंची हार्ड डिस्क आहे त्यात आखूड बॅटरी, ज्यात नाही त्यात लांब, असा प्रकार फार आढळतो. म्हणून आधी तळ उघडा, जुन्या बॅटरीच्या लेबलचा फोटो काढा, पुन्हा बंद करा आणि मग खरेदीला निघा. लेनोव्होच्या भागावर `FRU` असा क्रमांक असतो, डेलच्या आणि एचपीच्या भागांवर त्यांचे त्यांचे. एचपीच्या `PartSurfer` वर किंवा लेनोव्होच्या पार्ट्स लुकअपवर लॅपटॉपचा सीरियल नंबर टाकला की त्या यंत्रात कारखान्यात नेमका कुठला भाग बसवला होता ते दिसतं.

फोटोतल्या लेबलशी दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत: व्होल्टेज आणि कनेक्टर. भाचीच्या बॅटरीवर ११.४ व्होल्ट आणि ३,६०० मिलिअँपिअर-तास असं होतं. गुणाकार करा: ११.४ गुणिले ३.६ म्हणजे ४१ वॉट-तास, रिपोर्टमधला आकडा बरोबर जुळला. या गुणाकाराचा खरा उपयोग खरेदी करताना होतो. ऑनलाइन एका विक्रेत्याने त्याच आकाराच्या बॅटरीवर ६,००० मिलिअँपिअर-तास छापलं होतं. तेवढ्याच जागेत दीडपटीहून जास्त ऊर्जा मावत नाही, लेबल खोटं आहे हे तिथेच कळलं. ११.४ च्या जागी ७.६ व्होल्टची बॅटरी असेल तर आत एक सेल कमी आहे. तो वेगळाच भाग झाला, कनेक्टर सारखा दिसला तरी घेऊ नये.

भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटरीवर बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर `IS 16046` आणि `R-` ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. क्रमांकच नसेल तर बॅटरी ठेवून उठा. क्रमांक असला म्हणजे माल अस्सल, असंही नाही. लेबल छापायला काय लागतं! म्हणून मी एक घरगुती परीक्षा करतो. जुनी बॅटरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलतो आणि नवी आली की तीही. त्याच क्षमतेची नवी बॅटरी जुनीपेक्षा बरीच हलकी भरली तर आत कमी दर्जाचे सेल आहेत. वजनाबाबत खोटं बोलणं अवघड असतं.

उत्पादनाची तारीखही बघा. लिथियम बॅटरी वापरली नाही तरी कपाटात पडून म्हातारी होते. जुन्या मॉडेलसाठी 'कंपनीची ओरिजिनल' म्हणून मिळालेली पाच वर्षांपूर्वीची बॅटरी ही आजच्या चांगल्या दुसऱ्या ब्रँडच्या बॅटरीपेक्षा वाईट निघू शकते. टी४८०सारख्या यंत्राचा फायदा इथे दिसतो. ऑफिसांनी हजारोंनी घेतलेली मॉडेलं आज भंगारात आणि सेकंडहँड बाजारात येतात, त्यामुळे त्यांचे भाग पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सापडतात. एकाच सवलतीच्या सेलमध्ये विकल्या गेलेल्या, पुढच्या वर्षी नाव बदललेल्या मॉडेलचा भाग शोधत फिरणं म्हणजे वणवण.

बदलताना

बॅटरी पंचवीस टक्क्यांच्या खाली उतरू द्या. कमी ऊर्जा असलेली बॅटरी चुकून दुखावली तरी धोका कमी. मग चार्जर काढा आणि लॅपटॉप पूर्ण बंद करा, नुसतं झाकण मिटू नका. टी४८० मध्ये तळ उघडण्याआधी, चार्जर काढलेला असतानाच, आणखी एक पायरी आहे: सुरू होताना `F1` दाबून बायोसमध्ये जायचं, `Config`, मग `Power`, आणि तिथे `Disable Built-in Battery` निवडायचं. यंत्र बंद होतं आणि आतल्या बॅटरीकडून बोर्डला वीज जाणं थांबतं. पुन्हा चार्जर लावला की ती आपोआप चालू होते. इतर अनेक कंपन्यांच्या व्यावसायिक मॉडेलांतही अशी सोय असते.

तळाचे स्क्रू काढताना एका कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावा. लांब स्क्रू आखूड जागी घातला तर तो वरच्या बाजूने कीबोर्डखाली किंवा बोर्डमध्ये घुसतो. स्क्रू सगळे निघाले तरी झाकण हलत नसेल तर जोर लावू नका. एखादा रबरी पायाखाली लपलेला असतो. टी४८० चे तळाचे स्क्रू झाकणालाच अडकून राहतात, हरवायची सोयच नाही. काठावरच्या खाचा सोडवायला जुनं एटीएम कार्ड पुरतं, स्क्रूड्रायव्हरने उचकटलात तर ओरखडे राहतात.

झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, बाकी कशालाही हात लावण्याआधी. तो वर उचलायचा असतो की बाजूला सरकवायचा, हे पुस्तिकेतल्या बाणावरून कळतं. तारा धरून ओढू नका, कनेक्टरच्या दोन्ही कानांना नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने आळीपाळीने ढकला. मग बॅटरीचे स्क्रू, मग बॅटरी. नवी बसवून उलट्या क्रमाने बंद करा.

पहिल्यांदा पूर्ण चार्ज करा, मग एकदा यंत्र स्वतःहून झोपेपर्यंत बॅटरीवर चालवा आणि पुन्हा पूर्ण चार्ज करा. बॅटरीतली मोजणी करणारी चिप यामुळे ताळ्यावर येते. हे दर महिन्याला करायचं काम नाही. आता रिपोर्ट पुन्हा काढा. `CYCLE COUNT` म्हणजे बॅटरी आजवर किती वेळा पूर्ण वापरून पुन्हा भरली तो आकडा, तो शून्याच्या आसपास हवा आणि दोन्ही क्षमता जवळजवळ सारख्या. नव्या म्हणून विकलेल्या बॅटरीचा सायकल काउंट तीन आकडी दिसला तर ती वापरलेली आहे, परत करा.

कीबोर्ड

इथेही आधी निदान. बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावा. तो नीट चालला आणि लॅपटॉपचा नाही चालला, तर दोष कीबोर्डचा किंवा त्याला मदरबोर्डशी जोडणाऱ्या चपट्या पट्टीचा. एकच की अडकत असेल तर कीकॅपखालची कात्रीसारखी प्लॅस्टिकची यंत्रणा निखळलेली असते, त्यासाठी सगळा कीबोर्ड बदलू नये. पण एकमेकांपासून दूरच्या पाच-सहा कीज एकदम मेल्या असतील तर आतल्या पातळ प्लॅस्टिकच्या पटलावरची एखादी ओळ तुटली आहे. कीबोर्ड ओळी आणि रकान्यांच्या जाळीने वाचला जातो, म्हणून एक ओळ गेली की तिच्यावरच्या सगळ्या कीज जातात. चहानंतर हेच होतं, साखर वाळते आणि ओलावा त्या रेषा खातो. दोन दिवस सुकवून कीज परत आल्या तरी महिन्याभरात पुन्हा जाऊ शकतात.

माझ्या टी४८० चं काम असं झालं. बायोसमधून बॅटरी बंद केली, बाहेरची बॅटरी काढली, तळ उघडला. आत कीबोर्डची खूण असलेले दोन स्क्रू होते ते सैल केले. यंत्र सुलटं केलं, कीबोर्ड दोन्ही हातांनी स्क्रीनच्या दिशेने जरासा सरकवला, त्याची पुढची कड मोकळी झाली. ती उचलून कीबोर्ड हळूच उलटा केला. झटक्याने उचलला असता तर खालच्या पट्ट्या फाटल्या असत्या. पट्ट्यांचे कनेक्टर सोडवले, नवा लावला. पाऊण तास लागला, त्यातली दहा मिनिटं चष्मा शोधण्यात गेली.

पट्टीच्या कनेक्टरबद्दल थोडं सविस्तर, कारण घरगुती दुरुस्त्या इथेच बिघडतात. बहुतेक कनेक्टरांवर एक बारीक पट्टीसारखं कुलूप असतं. काहींचं नखाने वर उचललं की ताठ उभं राहतं, काहींचं एखादा मिलिमीटर बाहेर सरकतं. कुठलं आहे हे न बघता ओढलं तर कुलूप तुटतं, आणि ते मदरबोर्डवर असतं, कीबोर्डवर नाही. बसवताना पट्टी सरळ आत जाऊन तिच्यावरची पांढरी रेघ कनेक्टरच्या कडेला समांतर दिसली पाहिजे. तिरकी बसली तर निम्म्या कीज चालतात आणि माणूस नव्या कीबोर्डला दोष देतो. झाकण लावण्याआधी यंत्र सुरू करून प्रत्येक की दाबून बघा. बॅकलाइट असेल तर त्याची वेगळी अरुंद पट्टी असते, ती विसरायला फार सोपी.

नवा कीबोर्ड मागवताना एंटर की बघा. आपल्याकडच्या बहुतेक लॅपटॉपांत ती आडवी, एका ओळीची असते. स्वस्त म्हणून बाहेरच्या देशातला उंच एंटरचा घेतला तर कधी तो चौकटीत बसतच नाही. पट्ट्या किती, बॅकलाइट आहे का, पॉवर बटण कीबोर्डवर आहे का, हेही जुन्याच्या फोटोशी ताडून घ्या.

आता भाचीचा. पुस्तिकेतल्या यादीत कीबोर्ड सी पॅनलसकट एकच भाग होता. दुकानदार म्हणाला, "नुसता कीबोर्ड पण मिळतो, लावून देतो." मिळतो हे खरं. लावतात कसा ते आधी समजून घ्या. असा कीबोर्ड प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसवून त्यांची टोकं कारखान्यात वितळवून चपटी केलेली असतात, हेच ते रिव्हेट. आम्ही मोजले ते चोवीस निघाले, काही मॉडेलांत याहून कितीतरी जास्त असतात. ती टोकं कापून जुना कीबोर्ड काढायचा आणि नवा बसवून उरलेली थुटकी सोल्डरिंग आयर्नने पुन्हा वितळवायची. खुंटी एकदा कापली की वितळवायला फारसं प्लॅस्टिक उरत नाही. मग कारागीर वर गोंद लावतो, आणि काही महिन्यांनी स्पेसबारजवळ कीबोर्ड दाबला की लवतो. एकदा असं काम करून घेतलेला लॅपटॉप मी पाहिला होता, म्हणून नको म्हटलं.

सी पॅनल सगळं घ्यायचं ठरलं. कंपनीच्या सेंटरने सांगितलेली किंमत ऐकून बहीण म्हणाली, "एवढ्यात निम्मा लॅपटॉप येईल." शेवटी स्क्रीन फुटलेल्या त्याच मॉडेलचं वापरलेलं पॅनल शोधलं, त्यातच तीन आठवडे गेले. घेताना तीन गोष्टी तपासल्या: टचपॅडची भोकं जुळतात का, पॉवर बटणात बोटाच्या ठशाचा सेन्सर आहे का, आणि बिजागरीच्या स्क्रूंचे पितळी नट प्लॅस्टिकमध्ये घट्ट आहेत का. हे नट सैल असतील तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बिजागरी पॅनल फोडून बाहेर येते.

मग बॅटरी, स्पीकर, पंखा, मदरबोर्ड, टचपॅड, स्क्रीन असं सगळं जुन्या पॅनलवरून नव्यावर हलवलं. कागदावर चिकटवलेले स्क्रू एक्केचाळीस भरले. संध्याकाळी सहाला बसलो ते अकराला उठलो. एक स्क्रू उरला. तो पंख्याचा होता, कागदावरच्या जागेवरून लगेच कळलं, म्हणून पुन्हा उघडून लावला. नवी बॅटरी त्याच बैठकीत बसवली, यंत्र उघडलेलं होतंच.

जुन्या बॅटरीच्या कनेक्टरवर चिकटपट्टी गुंडाळली, दोन दिवस बाल्कनीत पत्र्याच्या डब्यात वेगळी ठेवली आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर दिली. घंटागाडीत टाकली असती तर ती कचऱ्याच्या दाबयंत्रात चिरडून पेटू शकली असती.